निरोपाच्या पोस्टमध्ये नाग नदी येऊ दे

ताई,
सप्टेंबरच्या शेवटी मी जर्मनीला, ड्रेस्डेनला चाललेय. जलअभियांत्रिकीत मास्टर्स. निघण्याआधी इन्स्टाग्रामवर निरोपाची पोस्ट टाकायची आहे आणि आठवडाभर कॅप्शनच जमत नाहीये. आत्ता हे लिहिलंय:

"नवी सुरुवात! स्वप्नं पूर्ण होतात, फक्त विश्वास हवा. आईबाबांशिवाय हे शक्य नव्हतं. सर्व मित्रमैत्रिणी, शिक्षक आणि नातेवाईकांचे मनापासून आभार. नागपूर, तू कायम हृदयात राहशील. थोडी भीती वाटतेय, पण लवकरच भेटू, ड्रेस्डेन!"

वाचलं की माझंच वाटत नाही. भीतीचं लिहिलं तर आई रडेल, नाही लिहिलं तर खोटं वाटतं. आभारात कोणाला घेऊ, कोणाला सोडू? मराठीत लिहू की इंग्रजीत? व्हिसासाठी तिथल्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात, त्यासाठी बाबांनी एफडी मोडली, ते लिहावं का? ट्रान्सक्रिप्टसाठी ते दुकान बंद ठेवून विद्यापीठात गेले. व्हिसाच्या अपॉइंटमेंटला आई माझ्यासोबत विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला आली, रात्रभर फाइल उशाशी घेऊन. कॉलेजच्या मॅडमनी अंबाझरी तलावाच्या सांडव्यावर प्रोजेक्ट दिला आणि शिफारसपत्रही. शेजारच्या दादाने एसओपी, म्हणजे हा विषय का शिकायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध, तपासला. जिच्यासोबत अर्ज केले त्या मैत्रिणीला मात्र कुठूनच प्रवेश मिळाला नाही. आजी मावशीच्या मोबाइलवर सगळं बघते आणि रोज विचारते, "एवढ्या दूर काऊन जाते वं?"

ता.क. हा विषय घ्यायचं कारण विचाराल तर, नाग नदीच्या 2023 च्या पुरात पंचशील चौकाजवळचं आमचं दुकान बुडालं होतं. ओल्या वह्या गच्चीवर वाळत घालताना बाबा म्हणाले, "हे पाणी किती येते, कोणी मोजते का?" पण ते कॅप्शनमध्ये कशाला.
— निघालेली, नंदनवन

प्रिय निघालेली,

तुझं कॅप्शन ताजा कलमात आहे. वरचा मसुदा बाजूला ठेव आणि ती शेवटची तीन वाक्यं पुन्हा वाच. वह्या, गच्ची, बाबांचा प्रश्न. हे दुसऱ्या कोणाकडे नाही.

कॅप्शन तपासायची माझी एक रीत आहे. प्रत्येक ओळ उचलायची आणि नाशिकहून मेलबर्नला एमबीए करायला निघालेल्या एखाद्या मुलाच्या फोटोखाली ठेवून बघायची. तिथेही ती चपखल बसली, तर ती तुझी नाही. "नवी सुरुवात" बसते. "आईबाबांशिवाय शक्य नव्हतं" बसते. "नागपूर, हृदयात राहशील" ही ओळ गावाचं नाव बदललं की बसते. तुझा अख्खा मसुदा त्या मुलाला देता येतो, म्हणूनच तो तुला स्वतःचा वाटत नाही. तुझ्या भावनेत काही कमी नाही. ज्या घटनांमुळे ती भावना आली त्या तू पत्रात लिहिल्यास आणि कॅप्शनमध्ये फक्त भावनांची नावं ठेवलीस, एवढंच झालंय.

आता पहिल्या ओळीबद्दल. इन्स्टाग्राम कॅप्शनला 2,200 अक्षरांपर्यंत जागा देतं, पण फीडमध्ये त्यातली साधारण पहिली सव्वाशेच दिसतात. बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. त्यात देवनागरीत मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. "स्वप्नं" आपल्याला दोन-तीन अक्षरांचं वाटतं, मोबाइल ती सात धरतो. तुझ्या मसुद्यातली सव्वाशे अक्षरं "सर्व मित्रमैत्रिणी"च्या जरा पुढे संपतात. म्हणजे जो बोट लावणार नाही त्याला तू कुठे चाललीस, काय शिकायला चाललीस, यातलं काहीच कळत नाही. ड्रेस्डेन तर अगदी शेवटच्या शब्दावर आहे.

त्याऐवजी अशी सुरुवात कर: "2023 च्या सप्टेंबरात नाग नदी बाबांच्या दुकानात आली होती. आता पुराचं शास्त्र शिकायला मी ड्रेस्डेनला चाललेय." मात्रा-वेलांट्या धरून ही शंभराच्या थोडी वर जाते, म्हणजे पूर्ण दिसते. कुठे, काय आणि का, तिन्ही त्यात आले. आणि नागपूरच्या माणसाला 22 सप्टेंबरची ती रात्र वेगळी सांगावी लागत नाही. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, मोरभवनचा बसस्टँड पाण्यात गेला, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्या पुरात शहरात जीवही गेलेत. म्हणून या ओळीशेजारी फुगे, विमान, टाळ्या असलं काही लावू नकोस. ती साधीच राहू दे.

उत्सुकतेसाठी "खूप एक्साइटेड आहे" असं लिहावं लागत नाही. माणूस कशाबद्दल उत्सुक आहे ते सांगितलं की उत्सुकता दिसते. आणि तुझ्याकडे एक विलक्षण गोष्ट आहे, बहुतेक तुला ती माहीतही असेल. ज्या शहरात तू चाललीस तेही बुडालेलं शहर आहे. ऑगस्ट 2002 मध्ये ड्रेस्डेनला एल्ब नदी 9 मीटर 40 सेंटिमीटरपर्यंत चढली होती. एल्बला मिळणाऱ्या वायसेरित्स नावाच्या छोट्या नदीचं पाणी तर शहराच्या मुख्य रेल्वे स्टेशनात शिरलं होतं. तुझ्या बाबांनी गच्चीवर विचारलेल्या प्रश्नाचा एक आकडा त्या गावाकडे आहे, सेंटिमीटरपर्यंत मोजलेला. एक दुकान बुडालेली मुलगी स्टेशन बुडालेल्या गावात शिकायला चाललीय, ही ओळ कुठल्याही स्वप्नांच्या वाक्यापेक्षा जास्त सांगते. तुझ्या वर्गमित्रांतले अर्धे तरी इथे थांबून पुन्हा वाचतील.

आभाराचं म्हणशील तर माझा सल्ला थोडा कडक आहे. कॅप्शनमध्ये फक्त त्यांचे आभार मान, ज्यांनी काय केलं ते तू एका वाक्यात दाखवू शकतेस. "सर्व नातेवाईकांचे आभार" हे कोणालाच पोचत नाही, कारण ते कोणाकडे बघून म्हटलेलं नसतं. आणि पाचांपैकी दोन काकूंची नावं घेतलीस तर उरलेल्या तिघी ते वर्षभर विसरणार नाहीत. म्हणून घराबाहेरच्या नातेवाइकांना कॅप्शनमध्ये घेऊच नकोस. त्यांना फोन कर, जवळच्यांच्या घरी जाऊन ये. महाल भागातल्या एखाद्या काकूंना तू दारात येऊन नमस्कार केलास हे जास्त लक्षात राहील. पोस्टमध्ये चार माणसं पुरेत, आणि ती तुझ्या पत्रातून आपोआप निघाली आहेत. आई, बाबा, मॅडम, दादा. चौघांच्या नावापुढे एकेक क्रियापद आहे. बाबांनी दुकान बंद ठेवलं. आई गाडीत फाइल उशाशी घेऊन झोपली. मॅडमनी सांडव्यावर प्रोजेक्ट दिला. दादाने एसओपी तपासला. यात "मनापासून", "शब्दात सांगता येणार नाही" असं काही जोडू नकोस. आईने फाइल उशाशी घेतली एवढं लिहिलं की पुरतं.

मॅडम आणि दादाला पोस्ट टाकण्याआधी वेगळा निरोप पाठव, आणि त्यांचं नाव टॅग करू का हेही विचारून घे. शिफारसपत्र लिहिणाऱ्या कित्येक शिक्षकांना आपलं नाव असं सगळ्यांसमोर आलेलं आवडत नाही, कारण मग पुढच्या वर्षी सगळा वर्ग दारात उभा राहतो.

एफडीचं मात्र लिहू नकोस. बाबांच्या त्यागाची लाज वाटावी म्हणून नाही. कारण वेगळं आहे. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम गुपित नसते. सप्टेंबर 2024 पासून ती वर्षाला 11,904 युरो आहे, आणि ज्याला युरोचा भाव माहीत आहे तो वाचता वाचता अकरा-बारा लाखांचा हिशेब करतो. तू लिहिशील कृतज्ञतेने, पण वाचणाऱ्यांत बाबांना माल देणारा व्यापारी असेल, उधारी थकलेला गिऱ्हाईक असेल, लग्नकार्यासाठी पैसे मागणारा नातेवाईकही असेल. दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्या सगळ्यांना उत्तरं बाबांनाच द्यावी लागतील. घराचे पैसे कुठून आले हे सांगायचा हक्क त्यांचा आहे. त्याचे आभार घरी मान, जेवताना, समोरासमोर.

आता त्या मैत्रिणीचं. तुझ्या मसुद्यातलं एकच वाक्य मला खरोखर खटकलं: "स्वप्नं पूर्ण होतात, फक्त विश्वास हवा." हे ती वाचणार आहे. तिचाही विश्वास होता ना? तुमच्या दोघींच्या अर्जांच्या फाइली एकाच टेबलावर तयार झाल्या असतील. मग तिला हे वाक्य काय सांगतं, की तिचा विश्वास कमी पडला? तुझ्या मनात तसं काही नाही, मला माहीत आहे. पण कॅप्शनमधली सुविचाराची ओळ हमखास अशीच कोणाला तरी लागते, कारण ती स्वतःच्या अनुभवाचा नियम करून सगळ्या जगाला लावते. ती ओळ काढून टाक. मैत्रिणीचं नाव पोस्टमध्ये घेऊ नकोस, "पुढच्या वर्षी तूही" असंही लिहू नकोस. लोक तिला कमेंटमध्ये विचारत बसतील. पोस्ट टाकण्याआधी तिला भेट. तिला ते मोबाइलवर सगळ्यांसोबत कळू नये, तुझ्या तोंडून कळावं.

भीतीकडे येते. आईला रडवते ती मोघम भीती. "थोडी भीती वाटतेय" यात भीती किती मोठी ते कळत नाही, मग आई ती आपल्या मनाने मोठी करत जाते. पोरगी आजारी पडेल, कोणी फसवेल, रात्री एकटी असेल. तेच तू नेमकं लिहिलंस तर भीतीला माप येतं. डिसेंबरात ड्रेस्डेनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. जिने आयुष्यभर नागपूरचं ऊन पाहिलंय आणि जी कधी एकटी राहिली नाही, तिला त्या अंधाराची धास्ती वाटणं कोणालाही पटेल. आणि यावर आईला काहीतरी करता येतं. ती गरम कपडे बांधून देईल, त्या वेळेला फोन करायचं ठरवेल. रडेल कदाचित, पण कशासाठी रडतेय हे तिला माहीत असेल.

एक मात्र कर. ती ओळ आईने पोस्टवर पहिल्यांदा वाचू नये. आदल्या दिवशी तिला सगळं कॅप्शन वाचून दाखव. वाचताना तुझा आवाज एखाद्या ओळीवर अडकला तर ती ओळ ठेव. आईने एखाद्या ओळीवर "हे नको गं" म्हटलं तर चर्चा न करता काढ. आणि दोन भीती घरातच राहू देत. पैशांची, आणि राहायच्या जागेची. खोली अजून पक्की झाली नसेल तर ते सगळ्यांसमोर लिहू नकोस. खोली न दाखवता आगाऊ डिपॉझिट मागणारे लोक अशाच नव्या विद्यार्थ्यांना शोधत असतात.

भाषेचा प्रश्न लवकर सुटतो. ज्यांचे आभार मानतेस ती चारही माणसं आणि आजी मराठी वाचतात किंवा ऐकतात, तेव्हा मराठीत लिही. खाली तेच इंग्रजीत देऊ नकोस. दोन्ही भाषांत लिहायला गेलं की मराठी मजकूर इंग्रजीच्या सोयीने वाकतो. परदेशी वर्गमित्रांना भाषांतराचं बटण असतंच.

तुझ्याच पत्रातल्या शब्दांनी मी एकदा जुळवून बघितलं. जसंच्या तसं घेऊ नकोस, तुझ्या बोलण्यात बसव:

"2023 च्या सप्टेंबरात नाग नदी बाबांच्या दुकानात आली होती. आता पुराचं शास्त्र शिकायला मी ड्रेस्डेनला चाललेय.

ओल्या वह्या गच्चीवर वाळत घालताना बाबा म्हणाले होते, 'हे पाणी किती येते, कोणी मोजते का?' 2002 मध्ये ड्रेस्डेनलाही नदी शहरात शिरली होती. त्यांनी ती मोजली: 9 मीटर 40 सेंटिमीटर. कशी मोजली आणि त्यानंतर काय केलं, ते कधी एकदा शिकते असं झालंय.

बाबा, तुम्ही दुकान बंद ठेवून माझे ट्रान्सक्रिप्ट आणलेत. आई, तू विदर्भ एक्सप्रेसमध्ये माझी फाइल उशाशी घेऊन झोपलीस. मॅडम, तुम्ही अंबाझरीच्या सांडव्यावर उभं करून मला पाणी बघायला शिकवलंत. दादा, तू माझा एसओपी लाल करून परत दिलास, म्हणून तो वाचण्यासारखा झाला.

भीतीही आहे. तिथे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो आणि मी आजवर एकटी राहिलेली नाही.

आजी रोज विचारते, 'एवढ्या दूर काऊन जाते वं?'
शिकून येते, आजी."

सांडव्यावर प्रत्यक्ष उभं केलं होतं का, एसओपी खरंच लाल झाला होता का, हे मी अंदाजाने लिहिलंय. तुझ्याकडे जे खरं असेल ते घाल. एकही गोष्ट सजवू नकोस, कारण ही चारही माणसं ते वाचणार आहेत आणि त्यांना खरं काय झालं ते माहीत आहे. नागपूरचं नाव वेगळं घेतलेलं नाही ते बघ. नाग नदी, अंबाझरी, विदर्भ एक्सप्रेस आणि आजीची बोली आल्यावर गाव आलंच. तर्री पोहे आणि संत्रा बर्फी इथून जाणारा प्रत्येक जण लिहितो, तुझ्या पोस्टला त्यांची गरज नाही.

फोटो दुकानातला घे, बाबांसोबत, मागे वह्यांचे गठ्ठे दिसतील असा. पहिली ओळ आणि फोटो एकच गोष्ट सांगतील. बोर्डिंग पासचा फोटो टाकू नकोस. त्यावरचा पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर तुझं बुकिंग कोणीही उघडू शकतं, काही वेळा बदलूही शकतं. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाचंही तेच, त्यावर तुझी जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक असतो. विमानाची तारीख-वेळही लिहू नकोस. सगळे तुला सोडायला सोनेगावच्या विमानतळावर येतील तेव्हा घर रिकामं असेल. पोस्ट निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी टाक. निघण्याच्या दिवशी टाकलीस तर वजन काट्यावर बॅगा चढवता चढवता कमेंटना उत्तरं देत बसशील.

आजी मावशीच्या मोबाइलवर बघते म्हणतेस, तर मावशीने पोस्ट व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवली तरी ती चोवीस तासांत जाते. आजीसाठी तेच तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून मावशीला पाठव, म्हणजे वाटेल तेव्हा ऐकता येईल.

आणि उत्साहाच्या भरात "रोज आठ वाजता फोन करीन" असं वचन कॅप्शनमध्ये घालू नकोस. तू पोचशील तेव्हा तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असेल, म्हणजे आजीचे आठ ते तुझे साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. मग आजीचे आठ ते तुझे साडेतीन होतात, आणि त्या वेळेला तू बहुतेक वर्गात असशील. फोनची वेळ तुझं वेळापत्रक हातात आल्यावर ठरव, आणि वेळ बदलणार आहे हे आजीला निघण्याआधीच सांगून ठेव. नाहीतर त्या सोमवारी ती नऊपर्यंत वाट बघेल आणि मग आईला झोपू देणार नाही.

तुझी,
ताई